आठ तासांचा आठवडा : पोहणे, सायकल आणि धावणे यांची वाटणी

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर २०१९ साली पहिल्यांदा 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा झाली. तिला अर्ध-आयर्नमॅनही म्हणतात. आधी समुद्रात १.९ किलोमीटर पोहायचे, मग ९० किलोमीटर सायकल चालवायची आणि शेवटी २१.१ किलोमीटर धावायचे. हे सगळे एकापाठोपाठ आणि साधारण साडेआठ तासांच्या आत. आपल्या वस्तीतली धावणारी मुले आता याविषयी विचारू लागली आहेत. त्यांचा पहिला प्रश्न असतो, नोकरी सांभाळून वेळ कुठून काढायचा?

समजा, एक तरुण दुपारच्या पाळीत कामाला जातो. सकाळ मोकळी, सुट्टी रविवारी. घरचे पाणी भरणे, मुलांची शाळा हे सगळे धरून आठवड्याला आठ तास निघतात. तो सलग दोनशे मीटर पोहू शकतो आणि पाच किलोमीटर न थांबता धावतो. या आठ तासांचे तीन सारखे भाग करणे ही पहिली चूक. स्पर्धेत कुठे किती वेळ जाणार ते आधी पाहावे. पोहायला ५५ मिनिटे, ताशी २५ च्या वेगाने सायकलला ३ तास ३६ मिनिटे, किलोमीटरला सात मिनिटे धरली तर धावायला सुमारे अडीच तास. म्हणजे निम्मा वेळ सायकलवरच जातो. म्हणून सरावातही निम्मा वेळ, चार तास, सायकलला द्यावा. अडीच तास धावण्याला आणि दीड तास पोहण्याला.

आता दिवस लावू. सोमवारी पूर्ण विश्रांती. मंगळवारी तासभर सायकल, त्यात दहा-दहा मिनिटे तीनदा जोरात. बुधवारी तरणतलावावर ४५ मिनिटे. गुरुवारी लांब धावणे, एक तास वीस मिनिटे. शुक्रवारी पुन्हा ४५ मिनिटे पोहणे. शनिवारी ४० मिनिटे सावकाश धावणे. रविवारी पहाटे तीन तास सायकल आणि उतरल्याबरोबर अर्धा तास धावणे. बेरीज बरोबर आठ तास होते. जाण्यायेण्याचा वेळ वेगळा.

या मांडणीत पोहण्याचे दिवस मुद्दाम मध्ये घातले आहेत. पाण्यात पायांवर भार पडत नाही, त्यामुळे गुरुवारच्या आधी आणि नंतर पायांना उसंत मिळते. सायकलवरून उतरून धावताना पहिली दहा मिनिटे पाय लाकडासारखे वाटतात, पाऊल नीट पडत नाही. ते स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा अनुभवू नये, म्हणून रविवारचा तो अर्धा तास.

मात्र पहिल्याच आठवड्यात आठ तास करू नयेत. रविवारची सायकल दीड तासापासून सुरू करून दर आठवड्याला पंधरा मिनिटे वाढवावी, लांब धावणे पाऊण तासापासून पाच-पाच मिनिटांनी. दर चौथ्या आठवड्याला सगळे दोन तृतीयांशावर आणावे. असे करत आठ तासांपर्यंत पोहोचायला दोन महिन्यांहून जास्त लागतात, आणि स्पर्धेपर्यंत चार-पाच महिने हाताशी हवेत. मंगळवारचा जोर सोडला तर बाकी सराव असा हवा, की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता यावे. आपली पोरे इथेच चुकतात. रोज शर्यत लावतात.

जादा पाळी लागली, मूल आजारी पडले, असा आठवडा येणारच. तेव्हा आधी शनिवारचे धावणे सोडावे, मग मंगळवारची सायकल. रविवार शक्यतो सोडू नये. आणि बुडालेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढू नये.

एका बाबतीत ही वाटणी मोडावी लागते. पोहण्यासाठी ७० मिनिटांची मर्यादा असते, म्हणजे शंभर मीटरला सुमारे पावणेचार मिनिटे. तलावात भिंतीला पाय मारून ढकलता येते, समुद्रात लाटा असतात. म्हणून तलावात शंभर मीटरला तीन-सव्वातीन मिनिटे जमायला हवीत. ती जमत नसतील तर सहा आठवडे शनिवारी धावण्याऐवजी तिसऱ्यांदा पोहावे. पाण्याबाहेर काढले तर पायांतला दम काय कामाचा?

भार जास्त झाला हे शरीर सांगते. सकाळी अंथरुणातच नाडी मोजून लिहून ठेवावी. नेहमीपेक्षा सात-आठ ठोके जास्त, असे सलग दोन-तीन दिवस आले तर त्या दिवशी सराव नको. नडगी सगळीकडे ठणकत असेल तर धावणे कमी करून पाहावे. पण बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ येत असेल तर धावणे लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे. तोवर त्रास होत नसेल तर पोहणे चालू ठेवता येते. छातीत दुखले किंवा भोवळ आली तर मात्र तिथेच थांबून थेट दवाखाना गाठावा.