घर ओळखतो, पण भिंत नाही

प्रश्न : सोयगावच्या बाजारात माझं दुकान आहे, वर घर. फोनमध्ये घर ‘विश्वासू ठिकाण’ म्हणून नोंदवलंय. परवा गल्लीच्या टोकाला फोन खिशातून काढला, तर पिन न विचारताच उघडला. बिघाड आहे का?

उत्तर : बिघाड नाही. अँड्रॉइडची ही सोय (Extend Unlock, जुनं नाव Smart Lock) जागेचा फक्त अंदाज घेते. वर्तुळ सुमारे ८० मीटरपर्यंत जातं. शेतातल्या एकट्या घराला ते चालेल. तुमच्या गल्लीत मात्र त्यात शेजारची दुकानं आणि आठवडी बाजाराची गर्दीही येते. एकदा पिन टाकून उघडलेला फोन या वर्तुळात चार तासांपर्यंत खुला राहू शकतो. पैसे पाठवायला यूपीआय पिन लागतो हे खरं, पण ओटीपीचे मेसेज आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडेच.

‘विश्वासू उपकरणा’चंही तसंच. ब्लूटूथचा पल्ला कधीकधी १०० मीटरपर्यंत असतो. गाडीसकट फोन गेला आणि हेडसेट डिकीत असला, तर चोराचंच फावतं.

सेटिंग्जमध्ये Extend Unlock शोधा आणि ते ठिकाण काढून टाका. बोटाच्या ठशाने फोन उघडायला असा कितीसा वेळ लागतो? सोय ठेवायचीच असेल, तर गर्दीत जाताना पॉवर मेनूतलं Lockdown दाबा, म्हणजे पुढच्या वेळी पिन द्यावाच लागेल.