नळ्यांतला वेग दुप्पट करावा का?

प्रश्न : आमच्या साखर कारखान्यातल्या ज्यूस हीटरमध्ये रसाचा वेग सेकंदाला १ मीटर आहे. पास दुप्पट करून तो २ मीटर करावा का?
– एक वाचक, लोणंद

उत्तर : नळ्या आणि प्रवाह तेवढेच ठेवून पास दुप्पट केले, की वेगाबरोबर रसाची वाटही दुप्पट होते. दाबातली घट त्यामुळे चौपट नव्हे, जवळजवळ सातपट होते. रसाच्या बाजूचा उष्णता-संक्रमण गुणांक मात्र वेगाच्या ०.८ घातानेच, म्हणजे पावणेदोनपट वाढतो. एकूण रोधातला निम्मा रसाचा आणि निम्मा स्केल, नळी व वाफेचा धरला, तर एकूण लाभ २७ टक्केच उरतो. ताशी २०० घनमीटर रसाला आधी ०.४ बार घट असेल, तर ती २.८ बार होईल. ६५ टक्के कार्यक्षमतेच्या पंपाची वीज साडेतीनवरून चोवीस किलोवॅटवर जाईल.

‘हीटर काही हजार किलोवॅट उष्णता देतो, तिथे वीस किलोवॅटचं काय?’ असं कुणी विचारेल. पण ती उष्णता वाफेची आहे; पंपाच्या खर्चाची तुलना फक्त वाढीव लाभाशी करायला हवी. तरीही मी वेग वाढवण्याच्याच बाजूचा आहे, कारण संथ रसात स्केल लवकर बसतं. मात्र दीड मीटरच्या आसपास थांबून पाहा. पंपाचा हेड अपुरा पडला, तर प्रवाहच घटेल. प्रवाह तेवढाच असताना दाबघट वाढत गेली आणि बाहेरच्या रसाचं तापमान उतरलं, तर आधी नळ्या साफ करा.