सगळ्या मालाला १४ दिवस

माल कमी पडला की स्टोअरचा उद्धार होतो आणि जास्त झाला की परचेसचा. दोन्ही एकदम झालं, की सगळे प्लॅनिंगच्या टेबलाशी येतात. प्रस्तुत लेखक त्या टेबलामागे बसत असे, म्हणून हे लिहिणं भाग आहे. मीटिंगमध्ये ते बोलू दिलं गेलं नाही.

एमआरपी, म्हणजे मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, ही कारखान्याची उलटी मोजणी. जोसेफ ऑर्लिकी यांनी १९७५च्या पुस्तकात तिची बैठक पक्की केली: तयार मालाची मागणी बाहेरून येते, पण त्यातल्या सुट्या भागांची मागणी अंदाजाने काढायची नसते, ती हिशेबाने निघते. कोल्हापूरकडच्या एका पंप कारखान्यात तो हिशेब असा झाला.

ऑर्डर २०० पंपांची, आठव्या आठवड्याच्या सुरुवातीला रवाना करायची. ३० पंप तयार होते, म्हणजे करायचे १७०. जोडणीला एक आठवडा लागतो, तेव्हा सगळे भाग सातव्या आठवड्याच्या सुरुवातीला हातात हवेत. इथे बिल ऑफ मटेरियल, म्हणजे एका पंपात काय काय जातं याची यादी, कामाला येते. पंपाला दोन बेअरिंग, म्हणून ३४० लागणार. शिल्लक १२०, आधीच्या ऑर्डरचे १०० वाटेवर, तर नवी खरेदी १२०ची. केसिंग शिल्लक नव्हतं. त्याच्या मशीनिंगला दोन आठवडे, म्हणून प्रॉडक्शन ऑर्डर पाचव्या आठवड्यात. ओतीव कास्टिंग यायला तीन आठवडे, म्हणून फाउंड्रीला ऑर्डर दुसऱ्याच आठवड्यात. शंभरात पाच कास्टिंग वाया जातात हे धरून ती १७०ची नाही, १७९ची. इथवर संगणकाने काडीचीही चूक केली नाही.

आता मेकॅनिकल सील. पंपाला एक, म्हणजे १७०. स्क्रीनवर शिल्लक ५०, तेव्हा मागवायचे १२०. लीड टाइम १४ दिवस, म्हणून खरेदीची सूचना पाचव्या आठवड्यात आली आणि त्याच दिवशी ऑर्डर गेली. पुरवठादार म्हणाला, ‘साहेब, सहा आठवडे. नेहमीचेच.’

नेहमीचेच! ही ऑर्डर पहिल्याच आठवड्यात जायला हवी होती. लेखकाने आयटम मास्टर उघडून लीड टाइमच्या रकान्यावर यादी लावली. कास्टिंग सोडलं, तर विकत घेण्याच्या झाडून सगळ्या मालाला १४. नटबोल्टला १४, बेअरिंगला १४, सीललाही १४. सॉफ्टवेअर बसवणाऱ्यांनी डेटा चढवताना रकाना रिकामा राहू नये म्हणून एकच आकडा ओतला होता. परचेसकडून खरे दिवस मागवा, असं लेखकाने सिस्टीम सुरू होण्याआधी लेखी कळवलं होतं. उत्तर आलं होतं, ‘गो-लाइव्हनंतर बघू.’

खरा घाव सातव्या आठवड्यात बसला. फोरमनने सीलचे खोके उघडले, तर ५०पैकी ४० रिजेक्शनचे, परत पाठवायचे म्हणून ठेवलेले. चांगल्या आणि नाकारलेल्या मालाला स्टोअरचा एकच लोकेशन कोड असल्याने सिस्टीमने ते वापरण्याजोगे धरले. म्हणजे १२० मागवूनही ४० कमीच पडणार, आणि त्यांना पुन्हा सहा आठवडे. वेळेवर गेले फक्त ४० पंप. बाकीची केसिंग, इम्पेलर, शाफ्ट, बेअरिंग अगदी वेळेवर येऊन शॉपमध्ये पडून होती, त्यांची बिलं चालू झाली होती. सॉफ्टवेअरचे प्रतिनिधी चहा पिता पिता म्हणाले, ‘सिस्टीमने बरोबरच दिलं.’ वर्कशॉपच्या हेडने मग नजर वळवली ती लेखकाकडे.

ज्यांच्याकडे ही सिस्टीम नवी येते आहे, त्यांनी पहिल्या रनआधी आयटम मास्टर लीड टाइमनुसार लावून पाहावा. शेकडो ओळींत एकच आकडा दिसला, तर तो कोणी मोजलेला नाही. खरा आकडा जुन्या ऑर्डरची तारीख आणि गेटवरच्या आवक नोंदीची तारीख यांतल्या अंतरात मिळतो. पुरवठादाराच्या कोटेशनमध्ये क्वचितच. रिजेक्शनला वेगळं लोकेशन द्यावं आणि ते एमआरपीच्या हिशेबाबाहेर असल्याची खूण सेटिंगमध्ये करावी, नुसत्या लाल फळीने संगणकाला काही कळत नाही. लीड टाइम दुरुस्त केल्यावर काही ऑर्डर ‘मागच्या तारखेला सोडायला हव्या होत्या’ अशा दिसतील. ती यादी रोज सकाळी वाचावी. कळवलेलं सगळं लेखी ठेवावं, हे वेगळं सांगायला नको.

आणखी एक. साधी एमआरपी यंत्रांची क्षमता बघत नाही. दोन आठवड्यांत १७० केसिंग, असं ती बेधडक सांगते. त्याच मशीनवर दुसरं काम लागलंय का, हा प्रश्न तिला पडतच नाही. तेव्हा प्रॉडक्शन ऑर्डर सोडण्याआधी मशीन शॉपच्या फोरमनकडे जाऊन त्याचा लोड बघावा. मीटिंगमध्ये त्यालाही कोणी विचारलं नव्हतं.