कागदावर स्थिर, यंत्रावर थरथर

प्रश्न : आमच्या हायड्रॉलिक सर्व्हो सिलिंडरचे मॉडेल दुसऱ्या कोटीचे आहे. त्यात गेन कितीही वाढवला तरी प्रणाली स्थिर दिसते. प्रत्यक्षात मात्र सिलिंडर थरथरतो. असे का?

उत्तर : तुम्ही तेल दाबलेच जात नाही असे मानले आहे. स्पूलचा प्रवाह मध्यस्थितीभोवती Q = Kq·x − Kc·p असा रेषीय केला, हे ठीक. पण हा प्रवाह केवळ पिस्टन हलवत नाही, थोडा तेल दाबण्यातही खर्च होतो :

Q = A·v + (V/4β)·dp/dt

या पदामुळे तेल स्प्रिंगसारखे वागते आणि तिसरी कोटी येते :

y/x = (Kq/A) / [s(s²/ω² + 2ζs/ω + 1)], ω = √(4βA²/Vm)

समजा A 20 चौ. सेंमी, V 1 लिटर, भार 1000 किलो, β 700 मेगापास्कल. मग ω सुमारे 106 रेडियन प्रतिसेकंद, म्हणजे 17 हर्ट्झ. लूपचा एकूण वेग-गेन 2ζω पेक्षा कमीच हवा, ζ 0.1 धरला तर मर्यादा 21 प्रतिसेकंद. थरथर याच वारंवारितेजवळ असेल, तर दोषी तेलाची स्प्रिंगच.

मध्यस्थितीत Kq सर्वाधिक आणि Kc सर्वांत कमी असतो, म्हणून गेन तिथेच तपासा. तेलात हवा शिरून β निम्मा झाला, तर मर्यादाही निम्मी होते. त्यामुळे गेन कमी करण्याआधी सिलिंडरमधली हवा काढून पाहा.