प्रॉम्प्ट इंग्रजीत की मराठीत? स्वतःच करा पारख

गोंदियातल्या एखाद्या कृषी केंद्रवाल्याला शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धानावरच्या खोडकिड्याबद्दल दहा ओळी टाकायच्या आहेत. मजकूर चॅटजीपीटी किंवा जेमिनीकडून लिहून घ्यायचा, तर प्रॉम्प्ट कोणत्या भाषेत द्यावा? 'इंग्रजीत द्या, स्वस्त पडतं' असं सांगणारे पुष्कळ भेटतात.

आधी खर्चाचं बघू. मोफत ॲपमध्ये पैसे लागतच नाहीत, फक्त वापराला मर्यादा असते. एपीआय वापरून मोठ्या संख्येने संदेश तयार केले, तर बिल टोकनवर, म्हणजे मजकुराच्या तुकड्यांवर येतं आणि देवनागरीचे तुकडे जास्त पडतात. मात्र मे 2024 मध्ये जीपीटी-4ओ आणताना ओपनएआयने दिलेल्या नमुन्यात तोच मजकूर मराठीत 96 टोकनांवरून 33 वर आला, इंग्रजीत 27 वरून 24 वर. समजा, मराठी प्रॉम्प्टला 330 टोकन लागले, इंग्रजीला 240 आणि दर दहा लाख टोकनांना 200 रुपये. फरक पडला दोन पैशांहून कमी. हजार संदेशांना 18 रुपये. उत्तर तर दोन्हीकडे मराठीतच येणार, त्याचं बिल साधारण तेवढंच. खरा खर्च मजकूर दुरुस्त करण्यात जाणाऱ्या वेळेचा आहे, म्हणून पारख त्याचीच करायची.

एकच काम दोन्ही भाषांत, त्याच तपशिलांसह लिहा. इंग्रजी प्रॉम्प्टच्या शेवटी ही ओळ हवीच:

```
Reply in Marathi.
```

प्रत्येक वेळी नवा चॅट उघडा आणि मेमरी बंद ठेवा. नाहीतर आधीच्या उत्तराची भाषा पुढच्यात झिरपते. एकाच प्रॉम्प्टला दरवेळी वेगळं उत्तर येतं, म्हणून प्रत्येक भाषेत निदान पाच उत्तरं घ्या. कोणतं उत्तर कुठलं, हे झाकून ती धान पिकवणाऱ्या माणसाला वाचायला द्या आणि त्याला खटकलेले शब्द खोडायला सांगा. कमी खोडाखोड झालेली भाषा जिंकली.

खटकतं काय, तर 'तांदळाच्या पिकाची पुनर्लागवड'. इकडे धानाची रोवणी होते, परे बांधीत लावतात. इंग्रजीतल्या 'यू'मुळे एका ओळीत 'तू', दुसरीत 'आपण' असंही होऊ शकतं. मराठी प्रॉम्प्टमध्ये रोवणी, बांधी हे शब्द तुम्हीच लिहिलेले असतात, ते उत्तरात उतरण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा कामाला माझं मत मराठीकडे. अटी फार किचकट असतील आणि मराठीत त्या पाळल्या जात नसतील, तर अटी इंग्रजीत द्या, पण सोबत तुमच्या जुन्या संदेशातल्या चार मराठी ओळी नमुना म्हणून जोडा. हा तिसरा प्रकारही त्याच चाचणीत बसवा.

कीटकनाशकाचं नाव आणि मात्रा मात्र वेगळी तपासा. खोडाखोड शून्य असलेल्या उत्तरातही मात्रा चुकीची असू शकते. ती डब्यावरच्या लेबलशी ताडून किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याकडून तपासून मगच संदेश ग्रुपवर टाका.