सर्व्हरवरची जागा संपली, भरपाई कोणाकडे मागायची?

प्रश्न : नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आमचा सुट्या भागांचा लहान कारखाना आहे. एकाच सर्व्हरवर सहा व्हर्च्युअल मशिन्स चालतात. गेल्या महिन्यात १९ तारखेला सकाळी ईआरपी, अकाउंट्स आणि आणखी दोन मशिन्स एकदम थांबली. दोन मात्र चालू राहिली. सगळं सुरळीत व्हायला दोन दिवस लागले, जीएसटीआर-३बी २२ तारखेला भरला. एएमसी घेतलेला व्हेंडर म्हणतो, "डिस्क भरली, नवी घ्या." आणि कोटेशन पाठवतो. नुकसानीची रक्कम त्याच्याकडून मिळेल का?

उत्तर : तुम्ही पाठवलेल्या कागदांवरून आधी कारण पाहू. सहा मशिन्सना मिळून ७ टीबीच्या डिस्क दिलेल्या दिसतात, पण डेटास्टोअरवर खरी जागा ४ टीबीच आहे. याला 'थिन' पद्धत म्हणतात. बँकेने सहा खातेदारांना ७ लाखांची उचल मंजूर करावी आणि तिजोरीत ४ लाखच ठेवावेत, तसंच हे. मशिन लिहील तशी खरी जागा खर्च होते. म्हणून प्रत्येक मशिनमध्ये विंडोज 'भरपूर जागा शिल्लक' असंच दाखवत राहतं. खालचा साठा संपला की ज्यांना नवी जागा हवी असते, ती मशिन्स त्या क्षणी थांबतात. तुमची दोन चालत राहिली, कारण त्यांना नवी जागा लागली नसावी. स्क्रीनवर हे दिसलं असेल:

```
There is no more space for virtual disk
```

खाली Retry आणि Cancel ही बटणं असतात. Cancel दाबणं म्हणजे चालू मशिनची वीज तोडणं. आधी एखादं कमी महत्त्वाचं मशिन नीट बंद करायचं. त्याच्या मेमरीएवढी स्वॅप फाइल बहुधा त्याच डेटास्टोअरवर असते, ती जाते, मग Retry. ही उसंत थोड्या वेळाचीच.

आता मुद्द्याचं. थिन डिस्क देणं हा गुन्हा नाही, सगळीकडे देतात. पण तुमच्या यादीत ईआरपीच्या मशिनवर दोन महिन्यांपूर्वी, अपडेटच्या आदल्या दिवशी घेतलेला स्नॅपशॉट आहे आणि त्याची फाइल ९०० जीबीपर्यंत वाढली आहे. अपडेट नीट झालं की तो काढायचा असतो. तो व्हेंडरने घेतला आणि विसरला. म्हणून माझं मत असं, की डिस्कचा खर्च तुमचा, स्नॅपशॉटची चूक त्याची. (कोटेशनमध्ये '७ टीबी वापरायोग्य' असं लिहून विकलं असेल, तर डिस्कचा वादही तुमच्या बाजूने झुकतो.)

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७३ नुसार करार मोडल्याने स्वाभाविकपणे होणारं, किंवा करार करताना दोघांना ठाऊक असलेलं नुकसानच मिळतं, दूरचं नाही. बसून राहिलेल्या कामगारांची मजुरी, ओव्हरटाइम, बाहेरच्या तंत्रज्ञाचं बिल मागता येईल. हातची गेलेली ऑर्डर मिळणं अवघड. आधी एएमसीमध्ये 'मॉनिटरिंग' लिहिलंय का ते बघा आणि भरपाईची कमाल मर्यादा शोधा. ती बऱ्याचदा एका वर्षाच्या एएमसीइतकीच असते. 'जागा संपेल हे कोणाला कळणार' हा बचाव टिकायचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हरवरची डिस्क भरल्याने टोयोटाचे जपानमधले १४ कारखाने थांबले होते. धोका जुनाच आहे. व्हीसेंटर असेल, तर डेटास्टोअर ७५ टक्के भरला की इशारा आपोआप येतो. तुमच्याकडे ते नव्हतं, म्हणून आकडा हाताने पाहणं आणखीच गरजेचं होतं.

जीएसटीचा आग्रह मात्र सोडा. दोन दिवसांचं विलंब शुल्क, रोजचे ५० धरून, १०० रुपये. रोखीने भरायचा कर ३ लाख धरला, तर १८ टक्क्यांनी दोन दिवसांचं व्याज सुमारे २९६ रुपये. शिवाय जीएसटीआर-१ भरलेला असला, की विक्रीचे आकडे पोर्टलवर ३बीमध्ये आपोआप येतात, इनपुट क्रेडिट २बीमध्ये दिसतं. मग २० तारखेला का भरला नाही, असं व्हेंडरचा वकील विचारेल. नुकसान आवरण्याचे हाती असलेले उपाय कलम ७३ च्या स्पष्टीकरणानुसार पाहिले जातातच.

सेवा धंद्यासाठी घेतल्याने ग्राहक आयोगाचा रस्ता बहुधा बंद. आधी लेखी नोटीस, मग दिवाणी दावा, मुदत तीन वर्षं. पुरावा म्हणून स्नॅपशॉट मॅनेजरमधली तारीख आणि प्रत्येक मशिनच्या फोल्डरमधली vmware.log लागेल, सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र. मशिन पुन्हा पुन्हा बंद-चालू झालं की जुने लॉग मागे पडत पुसले जातात, तेव्हा व्हेंडरला पुन्हा सर्व्हरवर बसू देण्याआधी त्यांची प्रत काढून घ्या.