दोन शिकवण्यांच्या मधली वीस मिनिटं

खोपोली, खालापूर, कर्जत या पट्ट्यात घरोघरी जाऊन शिकवण्या घेणाऱ्यांचं वेळापत्रक बहुधा जूनमध्ये ठरतं आणि जुलैच्या मध्यापर्यंत मोडलेलं असतं. दोष पावसावर, रस्त्यावर किंवा मुलांच्या उशिरा घरी येण्यावर टाकला जातो. माझ्या मते मूळ चूक वेळापत्रक लिहितानाच होते. आपण शिकवण्याचे तास नेमके लिहितो आणि दोन घरांमधला वेळ नुसत्या अंदाजाने भरतो. हा अंदाजही गाडी चालू असतानाच्या वेळेचा असतो. प्रत्यक्षात एका घरचं पुस्तक मिटल्यापासून दुसऱ्या घरचं उघडेपर्यंतचा सगळा वेळ मोजावा लागतो. उद्याचा गृहपाठ सांगणं, आईशी दोन वाक्यं, चपला, जिना, गाडी काढणं, मग रस्ता. पुढे सोसायटीच्या फाटकावर वहीत नाव लिहिणं, गाडी लावायला जागा शोधणं आणि मुलगा हातपाय धुऊन टेबलाशी येईपर्यंत थांबणं. रस्ता सोडून हे सगळं आठ-दहा मिनिटांचं काम आहे. घरं अगदी शेजारच्या आळीत असली तरी ते टळत नाही.

एक साधं उदाहरण मांडून पाहू. शिकवणारी व्यक्ती खोपोलीत राहते, स्वतःची दुचाकी आहे आणि चार मुलांना आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकी एक तास शिकवायचं आहे. घरं बाजारपेठेत, महडला, खालापूर गावात आणि शिळफाट्याला. कागदावर ती लिहिते: साडेचार ते साडेपाच बाजारपेठ, पाच चाळीस ते सहा चाळीस महड, सहा पन्नास ते सात पन्नास खालापूर, सव्वाआठ ते सव्वानऊ शिळफाटा. महड खोपोलीपासून सहाएक किलोमीटर. संध्याकाळी जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ट्रकांमधून आणि पुढे गावातल्या अरुंद रस्त्याने दुचाकीचा सरासरी वेग तासाला तीस किलोमीटर धरला, तर बारा मिनिटं नुसत्या रस्त्याची. त्यात घरातून घरात जाण्याची दहा मिळवली की बावीस होतात, आणि कागदावर आहेत दहा. म्हणजे महडचा तास पाच बावन्नला सुरू होऊन सहा बावन्नला संपतो. तिथून खालापूरला सतरा मिनिटं धरली तर सात नऊ होतात, म्हणजे एकोणीस मिनिटं उशीर. परत शिळफाट्याला चोवीस मिनिटं, म्हणून तिथला तास सव्वाआठऐवजी आठ तेहेतीसला सुरू होतो. पाऊस नाही, कोंडी नाही, पंक्चर नाही, तरीही शेवटच्या मुलाची अठरा मिनिटं गेलेली आहेत. महिन्यात बारा दिवस धरले तर साडेतीन तासांहून जास्त वेळ होतो. पालकांनी पूर्ण तासाचे पैसे दिलेले असतात, आणि दरवेळी नुकसान होतं ते त्याच एका मुलाचं.

ते नेहमी शेवटच्याच मुलाच्या वाट्याला का येतं, हे समजून घेणं गरजेचं आहे. रस्ता कधी मोकळा मिळतो, कधी तुंबलेला, तेव्हा महिन्याअखेरीस हिशेब सारखाच होईल, असं पुष्कळजण मानतात. तसं होत नाही. पाच मिनिटं लवकर पोचलो तर मूल अजून खेळायला गेलेलं असतं किंवा शाळेतून आल्यावर खात बसलेलं असतं, त्यामुळे तास ठरल्या वेळीच सुरू होतो आणि वाचलेली पाच मिनिटं तिथेच संपतात. पाच मिनिटं उशिरा पोचलो तर तो उशीर मात्र पुढच्या घरी जातो, तिथून त्याच्या पुढच्या. उशीर पुढे सरकतो, बचत सरकत नाही. म्हणून दोन घरांमध्ये सरासरी वेळ ठेवणं पुरत नाही. तीन-चार आठवडे एका छोट्या वहीत फक्त दोन वेळा लिहाव्यात, आधीचं पुस्तक मिटल्याची आणि पुढचं उघडल्याची. एकाच अंतराच्या दहाएक नोंदी झाल्या की त्या लहानापासून मोठ्यापर्यंत मांडाव्यात आणि सर्वांत वाईट एक सोडून त्याच्या आधीची संख्या वेळापत्रकात घालावी. सर्वांत वाईट दिवस बहुधा पंक्चरचा किंवा अपघाताच्या कोंडीचा असतो. तो धरून वेळापत्रक करू गेलं तर शिकवायला तासच उरणार नाहीत. त्या दिवशी फोन करायचा.

फोनवरचा नकाशा महडला बारा मिनिटं दाखवतो, मग ही वहीची खटपट कशाला, असा प्रश्न येतो. नकाशा वाईट नाही, पण तो फक्त चाकांचा वेळ सांगतो. शिवाय तो मोटारीसाठी लावलेला राहिला तर या भागात तो द्रुतगती मार्गावर नेऊ पाहतो, आणि तिथे दुचाकीला बंदी आहे. त्यात दुचाकीचा पर्याय निवडावा आणि ज्या वारी, ज्या वेळी जायचं आहे त्याच वेळी पाहावं. रविवारी दुपारी पाहिलेला आकडा शुक्रवारच्या संध्याकाळी उपयोगाचा नाही. शुक्रवारी आणि जोडून सुट्ट्या आल्या की बोरघाटाकडची वाहनं वाढतात. द्रुतगती मार्ग तुंबला की त्यातली काही जुन्या रस्त्यावर उतरतात आणि खालापूर-खोपोली पट्ट्यात वाट मिळेनाशी होते. महडला वरदविनायकाचं देऊळ आहे. संकष्टीला, त्यातही अंगारकीला आणि माघातल्या गणेश जयंतीला तिथे गर्दी होणार हे कॅलेंडरवर आधीच छापलेलं असतं. वर्षाच्या सुरुवातीलाच त्या तारखांवर खूण करून महडची शिकवणी आदल्या दिवशी घेण्याचं ठरवून टाकावं. असा दिवस अनपेक्षित म्हणता येणार नाही.

आता घरांचा क्रम. वरच्या कागदावर मुलं ज्या क्रमाने मिळाली त्याच क्रमाने घरं लिहिली गेली, म्हणून खोपोलीहून निघून खालापूरपर्यंत जाऊन पुन्हा खोपोलीतल्या मुलासाठी धावत यावं लागलं. सर्वांत लांबचं घर आधी आणि स्वतःच्या घराजवळचं शेवटी, असा क्रम मला सर्वांत सुरक्षित वाटतो. पहिल्या शिकवणीच्या आधी कुणाचा तास अडकलेला नसतो, त्यामुळे लांबचा टप्पा तिथे ठेवला की लवकर निघणं पूर्णपणे आपल्या हातात राहतं. तो टप्पा उजेडातही होतो, आणि पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली असताना जुन्या रस्त्यावर हे महत्त्वाचं आहे. तेव्हा खालापूर, महड, शिळफाटा, बाजारपेठ. मधले टप्पे वहीतल्या आकड्यांप्रमाणे पंचवीस, तीस आणि वीस मिनिटांचे धरले आणि सव्वाचारला सुरुवात केली, तर शेवटचा तास साडेनऊला संपतो. क्रम सुधारला, उशीर गेला, तरीही चार घरं एका संध्याकाळी नीट बसत नाहीत. साडेनऊला आठवीच्या मुलाला बीजगणित शिकवणं म्हणजे त्याला जागं ठेवणं. शिवाय खालापूरचा मुलगा दुपारच्या शाळेचा असेल तर सव्वाचारला तो घरीच नसतो. म्हणून मूल घेतानाच शाळा सकाळच्या सत्रात आहे की दुपारच्या, हे विचारून वेळेशेजारी लिहावं. सकाळच्या सत्राच्या मुलांना पहिल्या जागा, मग बाकीच्यांना.

चार घरं बसत नसतील तर ती वारांवर वाटावीत. सोमवार-बुधवार-शुक्रवार खालापूर आणि महड, मंगळवार-गुरुवार-शनिवार खोपोलीतली दोन. यावर सर्वांत खरा आक्षेप पैशांचा आहे. तीन दिवसांत उरकणाऱ्या कामाला सहा दिवस का द्यायचे, आणि संध्याकाळी चार फिया मिळत असताना दोनच का घ्यायच्या? फी तासाची असली तरी वेळ तासाचा जात नाही. वीस मिनिटांवरच्या मुलाचा एक तास आपल्याला ऐंशी मिनिटांना पडतो, चाळीस मिनिटांवरच्याचा शंभर मिनिटांना, वर पेट्रोल. दोघांची फी सारखी असेल तर जवळचा मुलगा लांबच्याचा खर्च उचलतो. वार वाटल्यावर खोपोलीच्या संध्याकाळी पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्याने तिसरं, प्रसंगी चौथं घर जवळपासच मिळू शकतं. लांबच्या घरी एक तास तीनदा जाण्यापेक्षा दीड तास दोनदा जावं. शिकवणं तेवढंच, एकशे ऐंशी मिनिटं, पण एक फेरी वाचते. मात्र हे आठवी ते दहावीच्या मुलांनाच चालतं. तिसरी-चौथीचं मूल दीड तास एका जागी बसत नाही. त्याच्यासाठी लांबची शिकवणी घेतलीच तर प्रवासाचा वेळ धरूनच फी सांगावी, आणि पालकांना ती परवडत नसेल तर जवळ राहणाऱ्या शिक्षकाचं नाव सुचवावं. मुलाच्या दृष्टीने ते जास्त बरं.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचा हिशेब वेगळा आहे. कर्जत-खोपोली लोकल पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी करत पंधरा किलोमीटरचं अंतर साधारण अर्ध्या तासात नेते. रस्त्याच्या मानाने ती भरवशाची आहे, पण तिच्या फेऱ्या मोजक्या आहेत. एक चुकली की कधीकधी पुढचीसाठी तासाहून जास्त थांबावं लागतं. म्हणून इथे वेळापत्रक उलट्या बाजूने लिहावं. आधी गाडीची वेळ, तिच्या मागे स्टेशनपर्यंत चालण्याची मिनिटं, तिच्या मागे आणखी दहा, आणि त्यातून जी वेळ निघेल तेव्हा शिकवणी संपलीच पाहिजे. मुलाचं एक गणित अर्धं राहिलं तरी उठावं लागतं, आणि हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं असावं. सहा आसनी रिक्षा किंवा मॅजिक भरल्याशिवाय सुटत नाही. दुपारी चारला ती भरायला वीस मिनिटं लागतील आणि सहाला दोन, त्यामुळे तिचा एकच आकडा लिहिता येत नाही. ती पहिल्या शिकवणीला जाताना वापरावी, दोन शिकवण्यांच्या मध्ये शक्यतो नाही.

एवढी मोकळी जागा ठेवली तर चांगल्या दिवशी दहा-दहा मिनिटं रिकामी बसायची का, असंही विचारतात. ती मिनिटं वाया जाणारी नाहीत. आधीच्या मुलाची वही तपासायची असते, काय शिकवलं आणि कुठे अडलं याच्या दोन ओळी लिहायच्या असतात, आणि घोटभर पाणी प्यायचं असतं. चार तास बोलणाऱ्याला त्याचीही गरज असते. पालकांना पोचण्याची वेळ सांगताना मात्र ही मोकळी जागा धरूनच सांगावी. पाच चाळीस शक्य असेल आणि पावणेसहा नक्की असेल, तर पावणेसहा सांगावं. पावसाळ्याचं वेळापत्रक वेगळं करून मे महिन्याच्या शेवटीच प्रत्येक घरी लिहून द्यावं. प्रत्येक टप्प्याला दहा मिनिटं जास्त, कारण रेनकोट घालणं, काढणं, निथळू देणं आणि पिशवीतली पुस्तकं प्लास्टिकमधून काढणं यातच पाच-सहा मिनिटं जातात, आणि उरलेली रस्ता घेतो. दिवसाचा एक तास कमी बसला तर तो जून ते सप्टेंबर फोनवरून घेता येईल का, हे तेव्हाच बोलून ठेवावं. मुसळधार पावसात कुणाच्या दारात भिजत उभं राहून ही बोलणी नीट होत नाहीत.